कधी देव, कधी राक्षस: 'स्प्लिटिंग' म्हणजे नेमकं काय?

"माझी धाकटी बहीण २६ वर्षांची आहे. तिच्या लेखी माणूस एकतर देव असतो, नाहीतर राक्षस. तीन वर्षांत तीन जिवलग मैत्रिणी झाल्या, आता तिघीही 'विषारी' आहेत. मागच्या महिन्यात मला म्हणाली, 'तूच माझी खरी आई.' या महिन्यात एका रविवारी मला तिच्याकडे जाता आलं नाही, तर तिने मला ब्लॉक केलंय. एका समुपदेशकांनी 'हे स्प्लिटिंग आहे, मेलनी क्लाइन वाचा' असं सांगितलं. वाचायला घेतलं तर सगळीकडे बाळ आणि आईचा स्तन! सव्वीस वर्षांच्या मुलीच्या रागाचा दूध पिणाऱ्या बाळाशी काय संबंध? कुणी सोप्या मराठीत सांगेल का?"

तुमच्या बहिणीला काय झालंय हे मी तिला न भेटता सांगणार नाही, आणि दुसरं कुणी सांगत असेल तर त्यावर फार विसंबू नका. पण ही कल्पना आली कुठून आणि तिचा खरा अर्थ काय, हे सांगता येईल. बावीस वर्षं या कामात आहे, आणि माझ्या अनुभवात 'स्प्लिटिंग' हा शब्द जितका वापरला जातो तितका समजून घेतला जात नाही. 'माणसांना काळंपांढरं बघण्याची सवय' एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. तेवढंच असतं तर समजूत घालून ती सवय सुटली असती.

क्लाइनबाई मनोविश्लेषक होत्या. त्यांचा जन्म १८८२ सालचा, व्हिएन्नाचा. बुडापेस्टला फेरेन्झींकडे आणि मग बर्लिनला कार्ल अब्राहम यांच्याकडे त्यांचं स्वतःचं मनोविश्लेषण झालं. १९२६ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि १९६० मध्ये वारल्या, तोपर्यंत मुख्यतः तिथेच होत्या. त्यांचं वेगळेपण असं की त्या लहान मुलांना खेळायला बसवायच्या. छोटी लाकडी माणसं, गाड्या, कागद, पेन्सिली, पाणी असं समोर ठेवायचं आणि मूल काय करतं ते बघायचं. दोन-तीन वर्षांची मुलं त्या खेळात इतकी चिरफाड करायची, बाहुल्यांना इतकं मारायची आणि लगेच इतकी घाबरायची, की ही भीती याहून बरीच जुनी असणार असं त्यांना वाटलं. तिथून त्या मागे मागे गेल्या आणि पहिल्या काही महिन्यांच्या बाळापर्यंत पोचल्या. म्हणजे बाळाच्या मनाचं त्यांनी केलेलं वर्णन हा मागे जाऊन बांधलेला अंदाज आहे, बाळाला कुणी विचारलेलं नाही. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आता ते बाळ घ्या. तीन महिन्यांचं आहे, भूक लागली आहे. आई स्वयंपाकघरात आहे, दोन मिनिटांत येईल. तुम्हाला-मला माहीत असतं की आई 'नाहीये', उशीर झालाय, येईल. बाळाला 'नसणं' ही गोष्टच अजून कळत नाही. त्याच्या पोटात पीळ पडतोय, म्हणजे काहीतरी आहे आणि ते छळतंय. क्लाइनबाईंच्या परंपरेतले विल्फ्रेड बिऑन यांनी हे फार नेमकं मांडलं: बाळाच्या अनुभवात चांगल्या स्तनाचं नसणं हे वाईट स्तनाचं असणं होऊन येतं. मग आई येते, दूध मिळतं, ऊब मिळते, अंग सैल पडतं. आता जगात फक्त चांगलं आहे. मघाशी छळणारी आणि आत्ता पाजणारी एकच बाई आहे हा हिशेब त्या वयात होत नाही. एक देणारा स्तन आणि एक छळणारा स्तन, अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात. तुम्ही वाचलेलं 'स्तन, स्तन' ते यासाठी. बाळाला अजून पूर्ण माणूस दिसत नाही, माणसाचा तुकडा दिसतो. आणि या विचारातला 'ऑब्जेक्ट' हा शब्द वस्तू या अर्थाने घेऊ नका. ज्याच्याकडे आपली ओढ जाते, राग जातो, ते माणूस किंवा त्याचा तो तुकडा म्हणजे ऑब्जेक्ट.

आपल्याकडे हे ऐकून कुणी दचकायचं कारण नाही. पूतना आठवा. स्तनाला विष लावून, सुंदर बाईचं रूप घेऊन, पाजायला आलेली राक्षसीण. आणि दुसरीकडे यशोदा. एकच कृष्ण, त्याला पाजणाऱ्या दोघी, एकीच्या दुधात जीव आणि दुसरीच्या दुधात मरण. या कथेचा उगम मी क्लाइनमध्ये शोधत नाहीये. पण विषारी दूध आणि अमृताचं दूध वेगवेगळ्या बायकांकडे ठेवलं की ऐकणाऱ्या मुलाला किती हायसं वाटतं, ते कुठल्याही आजीला माहीत आहे.

हे वेगळं ठेवणं कशासाठी, हा यातला गाभ्याचा प्रश्न. लोणच्याच्या बरणीचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना देते. नव्या लोणच्याची बरणी आजी वरच्या फळीवर ठेवायची आणि रोजच्या वापराला छोट्या सटात काढून घ्यायची. ओला चमचा चुकून बरणीत गेला तर वर्षाचं लोणचं बुरसतं. बाळाजवळ चांगल्या अनुभवाची अशी एकच बरणी असते, आणि ती अजून अर्धीच भरलेली असते. राग आणि भीती हा ओला चमचा. तो त्या बरणीत गेला तर सगळंच नासेल, जवळ काहीच चांगलं उरणार नाही, ही बाळाची सर्वांत मोठी धास्ती. म्हणून चांगलं इकडे, वाईट तिकडे, आणि मध्ये भिंत. या भिंतीला क्लाइनबाईंनी स्प्लिटिंग म्हटलं. मी फाळणी म्हणते.

म्हणजे सुरुवातीला ही फाळणी हा आजार नाही, तो पहिला शहाणपणा आहे. ती नीट झाली नाही, चांगलं आणि वाईट सुरुवातीपासूनच एकमेकांत कालवलेलं राहिलं, तर मुलाला कशावरच भरवसा टाकता येत नाही. पुढे ती भिंत हळूहळू उतरली नाही, तर अडचण सुरू होते.

या भिंतीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते, आणि तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

पहिली किंमत म्हणजे देव. छळणारं जितकं भयंकर, तितकंच त्याच्यापासून वाचवणारं सर्वशक्तिमान लागतं. साधी चांगली आई तिथे पुरत नाही. कधीच न आटणारी, कधीच उशीर न करणारी, मागायच्या आधी देणारी आई लागते. १९४६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात क्लाइनबाईंनी हे स्पष्ट मांडलंय की असा आदर्श बनवणं ही छळाच्या भीतीचीच दुसरी बाजू आहे. 'तूच माझी खरी आई' हे वाक्य तुम्हाला प्रेमाचं वाटलं असेल, आणि त्यात प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्या वाक्यात भीतीही भरलेली होती. देवपण मिळालेला माणूस एका रविवारी आला नाही, की तो थोडा कमी चांगला होत नाही. तो थेट भिंतीपलीकडे जातो, कारण मधली जागाच नसते. घरच्यांची इथे नेहमी एक चूक होते. ते पुन्हा देव व्हायला धडपडतात: चारदा फोन, भेटवस्तू, 'आता कधीच चुकणार नाही' असं वचन. त्याने भिंत आणखी उंच होते.

दुसरी किंमत स्वतःच्या तुकड्यांची. त्याच निबंधात त्या सांगतात की समोरच्याचे दोन भाग करायचे तर आपल्या मनाचेही दोन भाग करावेच लागतात. तुम्ही देव असता तेव्हा बहीण लाडकी, सुरक्षित, हुशार असते. तुम्ही राक्षस होता तेव्हा ती टाकलेली, लुबाडलेली असते, किंवा स्वतःच नालायक असते. या दोन बहिणींची एकमेकींशी ओळख नसते. म्हणून मागच्या महिन्यातलं वाक्य तिला आठवून दिलं तर ती 'मी असं म्हटलंच नाही' असं सहसा म्हणणार नाही. 'हो, म्हटलं होतं. मग?' असं म्हणेल. आठवण जागेवर असते, पण त्या आठवणीतली ऊब आत्ताच्या खोलीत येऊ शकत नाही. पुढे १९६० आणि ७० च्या दशकांत मनोविश्लेषक ओटो केर्नबर्ग यांनी मोठ्या माणसांच्या उपचारात हीच खूण फार महत्त्वाची मानली. खरा विसर पडणं वेगळं आणि आठवूनही काही न वाटणं वेगळं.

मग भिंत उतरते कशी? साधारण चार ते सहा महिन्यांच्या सुमाराला, क्लाइनबाईंच्या म्हणण्यानुसार, बाळाला आई सबंध दिसायला लागते. पाजणारीही हीच आणि उशीर करणारीही हीच. हा शोध सुखाचा नसतो. कारण त्याच क्षणी कळतं की मी मनातल्या मनात जिला चावलं, फाडलं, ती तर माझी लाडकीच होती. तिथून अपराधीपणा येतो, काळजी येते, आणि तिला पुन्हा नीट करायची इच्छा येते. या अवस्थेला त्यांनी १९३५ च्या निबंधात 'डिप्रेसिव्ह पोझिशन' म्हटलं. नाव फसवं आहे. याचा अर्थ नैराश्याचा आजार नव्हे, आपण दुखावलेल्या माणसाबद्दल वाटणारी हुरहूर. आणि 'पोझिशन' हा शब्द मुद्दाम निवडला आहे. ही इयत्ता नाही की एकदा पास झालो की संपलं. ही मनाची बैठक आहे. माणूस दमला, आजारी पडला, कुणी सोडून गेलं, की कुठलंही वय असो, तो पुन्हा पहिल्या, म्हणजे फाळणीच्या, बैठकीवर जाऊन बसतो. इथेच तुमच्या सव्वीस वर्षांच्या बहिणीचा त्या बाळाशी संबंध लागतो. तिच्या आत बाळ बसलंय असं नाही. माणसाला पहिल्यांदा जमलेली बचावाची रीत ही आहे, आणि जीव घाबरला की माणूस आधी शिकलेलंच करतो.

एवढं सगळं अंदाजाचं सांगितलं, आता प्रत्यक्ष केस. १९४१ साली युद्धामुळे क्लाइनबाई लंडन सोडून स्कॉटलंडमधल्या पिटलॉख्री या गावी राहत होत्या. तिथे त्यांनी दहा वर्षांच्या एका मुलावर चार महिने काम केलं. ९३ बैठकी झाल्या आणि जवळपास प्रत्येकीची नोंद आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये ती नोंद पुस्तकरूपाने आली. मुलाला त्यांनी रिचर्ड हे नाव दिलं. मुलगा हुशार, बोलका, मोठ्या बायकांशी गोड. पण इतर मुलांना इतका घाबरायचा की आठव्या वर्षापासून शाळा सुटली होती. हिटलरची धास्ती, युद्धाच्या बातम्यांवर सतत कान. शिवाय रात्री एखादा वाईट भटक्या येईल आणि आईला पळवून नेईल, ही भीती. खाण्यात विष असेल असाही त्याला संशय यायचा.

तो रंगीत पेन्सिलींनी नकाशे काढायचा. एका बाह्यरेषेत वेगवेगळे प्रदेश आणि प्रत्येक रंग एकेका माणसाचा. काळा बाबांचा, लाल स्वतःचा, जांभळा मोठ्या भावाचा, आणि फिकट निळा आईचा. पेन्सिलीच्या फौजा कूच करत यायच्या आणि मुलूख बळकवायच्या. ही फिकट निळी आई पूर्णपणे निर्मळ होती. तिच्यात वाईट म्हणून काही नाही. मग आईबद्दलचा राग आणि भीती गेली कुठे? ती इतर बायकांकडे गेली: घरातल्या नोकर बायकांकडे, आणि अर्थातच क्लाइनबाईंकडे, ज्या हिटलरसारख्याच ऑस्ट्रियात जन्मलेल्या. फिकट निळा रंग इतका स्वच्छ राहू शकला, कारण डाग दुसऱ्यांच्या अंगावर टाकले होते.

मध्ये दहा दिवसांसाठी क्लाइनबाईंना लंडनला जावं लागलं. तिथे बॉम्बहल्ल्याचा धोका होता. त्या परत आल्या तेव्हा रिचर्डला ते गावच ओंगळ वाटायला लागलं होतं, डुकराच्या गोठ्यासारखं. बागेत कुत्र्याच्या छत्र्या दिसल्या तर अंगावर काटा आणून म्हणाला, या विषारी आहेत. दहा दिवसांचं 'नसणं' विष होऊन समोर उभं राहिलं होतं. मघाचं तीन महिन्यांचं भुकेलं बाळ आठवा. आणि तुमचा तो हुकलेला रविवारही.

क्लाइनबाईंनी त्याची समजूत घातली नाही, गाव छान आहे असं पटवलं नाही. तुझा राग आणि भीती माझ्यावर आहे, आईवर आहे, आणि ज्यांच्यावर तुझं प्रेम आहे त्याच या बायका आहेत, हे त्या त्याला पुन्हा पुन्हा, त्याच्याच चित्रांतून दाखवत राहिल्या. त्यांची काही स्पष्टीकरणं आज वाचताना मला फार घाईची आणि फार ठाम वाटतात. दहा वर्षांच्या मुलाला इतकं सगळं सांगावं का, हा प्रश्न पडतोच. पण शेवटाकडची एक नोंद मला कायम थांबवते. ज्या मुलाला शत्रूचा इतका तिटकारा होता, त्याला बर्लिन आणि म्युनिकची नासधूस झाल्याचं वाईट वाटू लागलं. युद्ध चालूच होतं, जर्मनी शत्रूच होता. तरीही शत्रूच्या गावातही घरं असतात, एवढी जागा त्याच्या मनात झाली होती. भिंत उतरते ती अशी. कुणी रातोरात सगळ्यांना माफ करत नाही.

क्लाइनबाईंच्या या चित्रात एक मोठी उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्यांचं सगळं लक्ष मुलाच्या आतल्या आईवर होतं, बाहेरच्या आईवर फारच कमी. आई-मुलाच्या नात्याचा पुढे अभ्यास करणारे मनोविश्लेषक जॉन बोल्बी तरुणपणी, १९३८ च्या सुमाराला, त्यांच्या देखरेखीखाली एका तीन वर्षांच्या चळवळ्या मुलावर काम करत होते. मुलाची आई स्वतः फार अस्वस्थ होती, पण तिच्याशी बोलायची बोल्बींना मनाई होती. काही महिन्यांतच त्या आईला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. बोल्बी पुढे वेगळ्या वाटेने गेले त्यात या अनुभवाचा वाटा होता. अगदी पहिल्या महिन्यांत बाळ जग असं दुभंगून बघतं की नाही, यावरही पुढच्या बालसंशोधकांनी शंका घेतली. डॅनियल स्टर्न यांनी १९८५ मध्ये बाळाच्या अनुभवाचं बरंच वेगळं चित्र मांडलं. मी स्वतः या सिद्धांतातली महिन्यांची गणितं फार गंभीरपणे घेत नाही. मोठ्या माणसांत ही बैठक दिसते हे मात्र रोज बघते.

बाहेरची आई किंवा बाहेरचा बाप खरोखरच वाईट असेल तर काय, हे विचारलं ते एडिंबरोचे मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी. घरी छळ झालेली मुलं त्यांनी तपासली होती. १९४३ मध्ये त्यांनी लिहिलं की ही मुलं आईबापांना वाईट म्हणायला तयार नसतात, स्वतःला वाईट म्हणायला मात्र चटकन तयार होतात. कारण सोपं आहे. आईबाप वाईट असतील तर सुटकाच नाही. मी वाईट असेन तर निदान मी सुधारलो की सगळं ठीक होईल, ही आशा उरते. त्यांनी म्हटलं की सैतानाच्या राज्यात राहण्यापेक्षा देवाच्या राज्यात पापी होऊन राहिलेलं बरं. फाळणी इथेही आहे, फक्त वाईटाची बाजू स्वतःच्या पदरात घेतली आहे. ज्या बायका वर्षानुवर्षं मार खाऊन 'तो मनाने चांगला आहे, माझंच तोंड चालतं' म्हणतात, त्यांच्याकडे बघताना मला क्लाइनपेक्षा फेअरबेर्न जास्त उपयोगी पडतात. म्हणून एक सावधगिरी. मारणाऱ्या माणसाला कुणी वाईट म्हणत असेल तर ते स्प्लिटिंग नव्हे, ती योग्य पारख आहे. 'दोन्ही बाजू बघ' हा सल्ला तिथे देऊ नका. बहिणीच्या त्या तीन मैत्रिणींपैकी कुणी खरंच वाईट वागली असेल, ही शक्यताही मोकळी ठेवा.

मग साधा राग आणि फाळणी यांत फरक कसा करायचा? मी काय बघते ते माझ्याकडच्या एका बाईच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील पुष्कळ बदलले आहेत. वय एकतिसाच्या आसपास, नोकरी चांगली. पहिल्या महिन्यात म्हणायची, 'मॅडम, आजवर चार जणांकडे गेले, कळलं फक्त तुम्हाला.' हे ऐकून बरं वाटतं, खोटं का बोला. पण अनुभवाने मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं: चार राक्षस आणि एक देव, माझी पाळी येणार. नवव्या आठवड्यात घरच्या लग्नासाठी मी एका मंगळवारची सुट्टी घेतली. पंधरा दिवस आधी सांगून घेतली. पुढच्या मंगळवारी ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर. 'तुमच्यासाठी मी एक फी आहे, बाकी काही नाही.'

इथे दोन मोह होतात. एक, स्वतःचा बचाव: मी आधी सांगितलं होतं, पर्यायी वेळही दिली होती. दुसरा, देव होऊन परत जाणं: यापुढे सुट्टीत फोन करा. मी दोन्ही केलं नाही. विचारलं, 'त्या मंगळवारी, नेहमीच्या वेळेला तुम्ही काय करत होतात?' बराच वेळ गप्प. मग म्हणाली, गाडी घेऊन इथपर्यंत आले होते, बंद दार बघून परत गेले. तिला सुट्टी माहीत होती, तरी ती आली होती. मग मी म्हटलं, 'म्हणजे मला भेटायची ओढ होती, आणि मी नव्हते म्हणून संतापही होता. आणि आत्ता समोर बसलेय ती फक्त फी घेणारी आहे. बंद दारामागची आणि गेले दोन महिने ऐकणारी, या दोघी एकच आहेत हे आत्ता जाणवतंय का?' उत्तर आलं: 'डोक्याला कळतंय.' त्या दिवशी तेवढंच. या 'डोक्याला कळतंय'वरून माझी खात्री झाली. साध्या रागात माणूस चिडून म्हणतो, 'एवढं सगळं केलंत आणि नेमकं त्या दिवशी नव्हतात!' त्या वाक्यात चांगलं आणि वाईट शेजारी शेजारी बसलेलं असतं. फाळणीत चांगलं फक्त माहिती म्हणून उरतं.

असं सात-आठ वेळा झालं. दरवेळी निमित्त लहान: मी घड्याळाकडे बघितलं, एक नाव विसरले, पाच मिनिटं उशिरा दार उघडलं. साधारण वर्षभराने पुन्हा माझी सुट्टी आली. ती म्हणाली, 'तुमच्या सुट्टीचा मला राग येतो. मुलाची मुंज नीट होऊ दे.' मग एकदम रडली आणि म्हणाली, त्या चौघांपैकी एक डॉक्टर तसे बरे होते, उगाच सोडले. तुटलेल्या चांगल्याबद्दलची ही हुरहूर म्हणजेच दुसरी बैठक. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाई पूर्वीपेक्षा दुःखी झाली. काही काळ होतेच. घरचे अशा वेळी उपचार बंद करायला निघतात, ही मला नेहमी दिसणारी चूक आहे.

आता तुमच्यापुरतं. ब्लॉक असताना दहा वाटांनी तिच्यापर्यंत पोचू नका. आईमार्फत किंवा जिच्यातून जाईल तिच्यातून एकच निरोप द्या, त्यात सफाई नको आणि वचनही नको. उदाहरणार्थ: 'त्या रविवारी मी येऊ शकले नाही. तुला राग आला हे समजतं. मी या रविवारी घरी आहे, पुढच्या रविवारी नाही.' शेवटचं वाक्य कापू नका. येऊ न शकणारी आणि असणारी, दोन्ही तुम्ही एका ओळीत याव्यात, म्हणून ते आहे. आणि घरात एक लक्ष ठेवा. अशा वेळी घराचीही फाळणी होते. आई म्हणते 'पोर बिचारी', वहिनी म्हणते 'सगळी नाटकं', आणि दोघी एकमेकींशी भांडायला लागतात. दोघींना बहिणीच्या मनाचा एकेक तुकडा मिळालेला असतो. मनोविकारतज्ज्ञ टॉम मेन यांनी १९५७ मध्ये रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांबद्दल हेच लिहिलं होतं: काही खास रुग्णांभोवती परिचारिकांचे तट पडायचे आणि प्रत्येक तटाला वाटायचं, हिला खरं ओळखतो ते आम्हीच. तुम्ही दोघींना एका जागी बसवून काय काय पाहिलं ते एकमेकींना सांगायला लावलंत, तरी पुष्कळ होईल.

जीव द्यायची भाषा, हात कापणं, गोळ्या जमवणं यातलं काहीही दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. रात्रीबेरात्री १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तसं काही नसेल तर तिला 'तुला स्प्लिटिंग आहे' असं मात्र ऐकवू नका. भिंतीपलीकडून आलेला शब्द तिकडे दगडासारखाच लागतो.

ती परत बोलायला लागेल तेव्हा बहुधा गोड बोलेल, तुम्ही पुन्हा 'खरी आई' व्हाल. त्या दिवशी हुरळू नका, 'मी तुझी ताई आहे' एवढंच म्हणा. तुम्ही वाट बघायची ती वेगळ्या वाक्याची, आणि ते ऐकायला बहुधा गोड नसेल: 'ताई, त्या रविवारी तू यायला हवं होतंस. अजून राग आहे मला. जेवलीस का?'